एक फोटो, तीन किडे: ओट्यावरचं झुरळ कोणतं आणि भुंगेरा कोणता

फोटो पुण्यातल्या एका तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातला. जूनचा पहिला आठवडा, रात्री अकराचा सुमार, दोन दिवसांपूर्वी वळवाची एक जोरदार सर येऊन गेलेली. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, डावीकडे उघडी खिडकी आणि तिच्याखाली पांढऱ्या टाइल्स, मध्ये दोन बर्नरची शेगडी, उजवीकडे मिसळणाचा डबा. डब्याशेजारी वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलेली धन्याची बरणी. या सगळ्यात तीन किडे होते. खिडकीखालच्या टाइलवर एक मोठा तपकिरी, शेगडीच्या पायाशी एक लहान काळपट, आणि बरणीच्या बुडाशी कागदावर एक तांबूस ठिपका. पुढे त्यांना खिडकीतला, शेगडीचा आणि बरणीचा असंच म्हणू.

घरच्यांचा निकाल लागलेला होता. खिडकीतला म्हणजे झुरळ, बरणीचा म्हणजे त्याचं पिल्लू आणि शेगडीखालचा म्हणजे रव्यातला किडा. त्यावरून बेतही ठरला: मसाल्याच्या फळीवर झुरळाचा स्प्रे मारायचा आणि रव्याचा डबा उन्हात ठेवायचा. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं मत मात्र वेगळं होतं. शेगडीखालचं ते झुरळाचं पोर आहे, लाइट लावला की पळतं, असं त्या दोनदा सांगून गेल्या होत्या.

तिन्ही ओळखी चुकल्या होत्या आणि मावशी बरोबर होत्या. पण त्या पळण्यावरून बोलत होत्या, आणि फोटोत पळणं दिसत नाही. फोटोत दिसतात त्या तीनच गोष्टी: अंगाची बाह्यरेषा, पाठीवर पंखांची मांडणी आणि डोकं. रंग चौथा, पण तो या कामात जवळजवळ निरुपयोगी आहे. स्वयंपाकघरात सापडणारी झुरळं तपकिरी, भुंगेरेही तपकिरी, आणि ट्यूबलाइटच्या पिवळट-हिरवट उजेडात फोन त्या तपकिरीचंही भलतंच काही करतो.

आधी माप

आकार पाहण्याआधी आकारमान काढलेलं बरं, कारण त्याने अर्धे उमेदवार आपोआप गळतात. या फोटोत शेजारी नाणं वगैरे काही नव्हतं, पण शेगडीची कळ होती. कळ जागच्या जागी असते, ती दुसऱ्या दिवशी पट्टीने मोजता येते. ती 42 मिलिमीटर भरली. फोटोतली कळ तेवढीच क्रॉप करून वेगळी सेव्ह केली आणि त्या तुकड्याच्या तपशिलात पाहिलं तर रुंदी 252 पिक्सेल. म्हणजे एका मिलिमीटरला 6 पिक्सेल. मग प्रत्येक किडा तसाच घट्ट क्रॉप करायचा आणि त्याची लांबी 6 ने भागायची. मिशा मोजायच्या नाहीत, नुसतं अंग.

शेगडीचा 33 पिक्सेल, म्हणजे साडेपाच मिलिमीटर. बरणीचा 17 पिक्सेल, तीनच्या आतबाहेर. खिडकीतला 110 पिक्सेल, म्हणजे अठराच्या वर. इथे एक सावधगिरी हवी. फोटो उभ्याने, तिरपा काढलेला होता, त्यामुळे खिडकी कळीपेक्षा कॅमेऱ्यापासून लांब होती. लांबची वस्तू कमी पिक्सेल व्यापते, म्हणून खिडकीतला किडा प्रत्यक्षात हिशेबापेक्षा थोडा मोठा असणार, वीस-बावीस मिलिमीटर धरायला हरकत नाही. शेगडीचा कळीच्या जवळ असल्यामुळे त्याचं माप सगळ्यात भरवशाचं.

आता हे आकडे स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या मंडळींशी ताडून पाहा. गटारातून, मोरीतून येणारं मोठं लालसर झुरळ, ज्याला अमेरिकन झुरळ म्हणतात, ते पूर्ण वाढलेलं 35 ते 40 मिलिमीटर असतं. ओट्याच्या फटींत राहणारं लहान, फिकट तपकिरी जर्मन झुरळ 10 ते 15 मिलिमीटर. म्हणजे वीस-बावीसचा किडा पंखवालं अमेरिकन झुरळ म्हणावं तर लहान आणि जर्मन म्हणावं तर मोठा. तो अमेरिकन झुरळाचं वाढतं पिल्लू असू शकतो, पण मग त्याला पूर्ण पंख असता कामा नयेत. पंख आहेत की नाहीत, हा प्रश्न मापानेच पुढे आणून ठेवला.

खिडकीतला: पाठीवरचा टी

पांढऱ्या टाइलवर असल्यामुळे याची कड स्वच्छ दिसत होती. वरून पाहिलं तर लांबट अंड्यासारखा, मागे जास्त रुंद. झुरळही वरून लंबगोलच दिसतं, म्हणून नुसत्या गोलाईवर जाऊ नये. फरक जाडीत असतो. झुरळ चपटं असतं, फटीत शिरायला बनलेलं. भुंगेरा पाठीला फुगीर. एकाच फोटोत जाडी कशी कळणार? उजेडावरून. ट्यूबलाइटचा उजेड फुगीर, कडक पाठीवर एका जागी गोळा होतो आणि लहान, लखलखीत ठिपका किंवा छोटी रेघ उमटते. चपट्या झुरळावर तोच उजेड पसरट आणि मंद पडतो. खिडकीतल्याच्या पाठीवर असा एक गोल ठिपका होता, स्टीलच्या वाटीच्या बुडावर दिसतो तसा. सावलीही पाहावी: फुगीर किड्याच्या एका बाजूला सावलीचा जाड पट्टा पडतो, चपट्याची सावली अंगाच्या कडेला चिकटून बारीक राहते.

तरी खरा निकाल पाठीवरच्या रेघांनी लागतो. भुंगेऱ्याच्या पंखांची पुढची जोडी उडायच्या कामाची राहिलेली नसते, तिची दोन कडक कवचं झालेली असतात. ती पाठीच्या बरोब्बर मध्यावर एकमेकांना भिडतात, कपाटाच्या दोन दारांसारखी, आणि तिथे सरळ उभी रेघ दिसते. या रेघेच्या वरच्या टोकाला छातीवरच्या ढालीची आडवी कड असते. आडवी आणि उभी मिळून इंग्रजी टी अक्षर तयार होतं, आणि दोन्ही रेघा मिळतात तिथे बहुतेक भुंगेऱ्यांत एक बारीक त्रिकोण दिसतो. खिडकीतल्याच्या पाठीवर हा टी 110 पिक्सेलांतही वाचता येत होता.

झुरळाच्या पाठीवर टी कधीच होत नाही. पूर्ण वाढलेल्या झुरळाचे पुढचे पंख चामड्यासारखे, थोडे पारदर्शक असतात आणि ते एकावर एक चढतात, सहसा डावा उजव्यावर. नेसलेल्या पातळाचा पदर जसा एका खांद्यावरून तिरका जातो, तशी वरच्या पंखाची कड तिरपी, किंचित वळण घेत मागे जाते. शिवाय पंखांवर शिरांचं जाळं असतं, पिंपळाच्या सुकलेल्या पानावर दिसतं तसं. भुंगेऱ्याच्या कवचावर शिरा नसतात. असल्याच तर लांबीच्या दिशेने जाणाऱ्या टिंबांच्या रांगा किंवा खाचा असतात, नांगरलेल्या तासांसारख्या. कमी पिक्सेलच्या फोटोत शिरा आणि तास दोन्ही पुसले जातात, पण रेघ मध्यावर सरळ आहे की तिरपी, हे बराच वेळ टिकून राहतं. म्हणून सगळ्या खुणांत पहिली पाहायची ती ही.

डोकंही मेळ खात होतं. खिडकीतल्याचं डोकं ढालीच्या पुढे स्पष्ट बाहेर आलेलं, पुढची कड फावड्यासारखी रुंद. मिशा आखूड, टोकाशी गाठ. ही गाठ म्हणजे पातळ पानांचा जुडगा असतो, किडा हवा तेव्हा तो पंख्यासारखा उलगडतो. पोटाचं टोक कवचांच्या मागे थोडं उघडं राहिलेलं. या सगळ्यावरून तो हुमणीचा भुंगेरा ठरला. शेतकऱ्याला याची ओळख सांगावी लागत नाही: उसाची, भुईमुगाची मुळं खाणारी पांढरी, वळलेली अळी म्हणजे हुमणी, आणि तिचा हा प्रौढ. वळवाचा पहिला पाऊस पडला की हे भुंगेरे जमिनीतून निघतात, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर पाला खायला जमतात आणि दिव्याकडे झेपावतात. तळमजला, उघडी खिडकी, पेटलेली ट्यूब आणि पावसानंतरची दुसरी रात्र. तो ओट्यावर राहायला आलेला नव्हता, वाट चुकला होता. कागदावर घेऊन खिडकीबाहेर टाकणं एवढाच त्याचा इलाज.

शेगडीचा: ज्याला पंखच नाहीत

गोंधळ खरा सुरू होतो तो इथे. झुरळ म्हटलं की लांब पंखांचं, मोठं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, आणि साडेपाच मिलिमीटरचा काळपट, बिनपंखी, गोटीबंद दिसणारा किडा आपण सहज भुंगेऱ्यांत टाकतो. पण झुरळाला अळी नसते, कोष नसतो. अंड्यातून निघतं ते झुरळाचंच छोटं रूप, पंखांशिवाय. जर्मन झुरळाचं नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू जेमतेम 3 मिलिमीटरचं असतं आणि कात टाकत टाकत वाढतं. म्हणजे भुंगेऱ्यांच्या मापाची झुरळं घरात असतातच, फक्त त्यांच्या पाठीवर पंखांची खूण सापडणार नाही.

मग पाठीवर काय सापडतं? आडव्या रेघा. पंखांनी झाकलेलं नसल्यामुळे छातीचे तीन आणि पोटाचे सगळे खंड वरून उघडे दिसतात, कौलारू छपरावर ओळीमागून ओळ चढावी तसे. डोक्याकडून शेवटापर्यंत रेघा आडव्याच, उभी एकही नाही. उलट भुंगेऱ्याच्या पाठीवर ठळक आडवी रेघ सहसा एकच, ढालीमागची, आणि तिच्याखाली उभी. एवढा फरक लक्षात ठेवला तर बिनपंखी पिल्लू भुंगेरा म्हणून खपत नाही.

पहिल्या फोटोत मात्र हे पाहायला जागाच नव्हती. काळ्या ग्रॅनाइटवर काळपट किडा, तोही 33 पिक्सेलांचा. कडा दगडात विरघळलेल्या. दिसत होतं ते इतकंच, की पाठीच्या मधोमध एक फिकट डाग आहे आणि दोन्ही बाजू गडद आहेत. हा डाग कामाचा निघाला. जर्मन झुरळाच्या पिल्लाच्या पाठीवर दोन गडद पट्टे असतात आणि त्यांच्यामधून फिकट पट्टी जाते. अगदी लहान पिल्लांत ती छातीवरच्या डागाएवढीच ठळक दिसते. प्रौढ झाल्यावर अंग फिकट होतं आणि ढालीवर दोन गडद उभ्या रेघा उरतात, त्याच या जातीची ओळख. स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या बारीक भुंगेऱ्यांत, पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यात किंवा तांदळातल्या सोंड्यात, असा मधला फिकट डाग नसतो. सोंड्याच्या पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके असतात, पण ते दोन्ही कवचांवर दोन-दोन वाटलेले, मध्यावर एकही नाही.

एका डागावर निकाल देणं बरोबर नव्हतं. दुसरा फोटो मागवला. त्याच्याबद्दल पुढे.

जाता जाता, या जर्मन नावाबद्दल. लिनियसने 1767 मध्ये या झुरळाला हे नाव दिलं, पण 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात, माणसांच्या वस्तीत एका आशियाई झुरळापासून वेगळं झालं. जर्मनीला फुकटचा दोष.

बरणीचा: जो डोकं लपवतो

झुरळ ओळखायची सगळ्यांना ठाऊक असलेली खूण म्हणजे वरून डोकं दिसत नाही. खूण खरी आहे. झुरळाचं डोकं ढालीखाली खाली वळलेलं असतं, तोंड मागे पायांकडे. समोरून पाहिलं तर चेहरा उलट्या त्रिकोणासारखा, टोक खाली. वरून फार तर पुढच्या कडेची एक चकती आणि तिच्या दोन बाजूंनी निघालेल्या मिशा दिसतात. भुंगेऱ्याचं डोकं बहुधा पुढे असतं, जबडे समोर रोखलेले, सोंड्यात तर लांब सोंड काढलेली.

पण याच खुणेने बरणीच्या किड्याला झुरळाचं पिल्लू बनवलं. तांबूस, गोलसर, वरून डोकं गायब. घरच्यांपैकी कोणीतरी झूम करून हे पाहिलं होतं आणि त्यांचं निरीक्षण चूक नव्हतं. मसाल्यांत होणारे दोन भुंगेरे, सिगारेट भुंगेरा आणि त्याचा भाऊबंद औषधी भुंगेरा, हेही डोकं छातीखाली मुडपून बसतात. सिगारेट भुंगेऱ्याचं डोकं तर काटकोनात खाली असतं, त्यामुळे बाजूने पाहिल्यावर तो कुबड्या दिसतो. हळद, मिरची, धने साठवणाऱ्यांना हा किडा चांगला ओळखीचा. नाव तंबाखूवरून पडलं, पण मिसळणाच्या डब्यात तो तितकाच सुखी असतो.

म्हणून डोक्याची खूण एकटी वापरू नये. डोकं लपलेलं दिसलं की लगेच पाठीकडे यायचं: उभी रेघ आहे का? असली तर भुंगेरा, डोकं कुठेही असो. बरणीच्या किड्यात 17 पिक्सेलांत रेघ दिसणं अशक्य होतं. पण दोन गोष्टी दिसत होत्या. एक, बाह्यरेषा लांबट नव्हती. रुंदी लांबीच्या निम्म्याहून बरीच जास्त, साबुदाण्याचा दाणा जरासा ताणावा तशी. दुसरी, कागदावर आणखी दोन ठिपके होते आणि तिन्ही एकाच मापाचे. ही खूण फार उपयोगी आहे आणि सहसा कोणी पाहत नाही. भुंगेरा कोषातून पूर्ण वाढूनच निघतो, नंतर मोठा होत नाही, त्यामुळे एका घाण्यातले सगळे जवळपास सारख्या मापाचे. झुरळांची पिल्लं एकत्र दिसली तर त्यांत तीनचं, पाचचं, आठचं, अशी चढती भाजणी मिळते.

दुसरा फोटो

शेगडीच्या आणि बरणीच्या किड्यासाठी दुसऱ्या रात्री पुन्हा फोटो काढले. पळणारा किडा धरायचा म्हणजे काचेचा पेला उपडा घालायचा, खालून जाड कागद सरकवायचा आणि सगळं एका झाकणाच्या छोट्या डबीत उलटवायचं. डबी फ्रीजमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवली की किडा सुस्तावतो. मग तो शाळेच्या आलेख कागदावर ठेवायचा. त्यावरचे चौकोन एक मिलिमीटरचे असतात, त्यामुळे वेगळं माप लागत नाही. आलेख कागद नसेल तर पांढरा कागद आणि 10 रुपयांचं नाणं, त्याचा व्यास 27 मिलिमीटर. नाणं किड्याला खेटून ठेवावं, फोटोच्या दुसऱ्या टोकाला नाही. किडा दोन-तीन मिनिटांत पुन्हा चालू लागतो, तयारी आधीच हवी.

कॅमेरा बरोब्बर वर, कागदाला समांतर. तिरपा धरला तर झुरळाचं लपलेलं डोकं पुढून डोकावतं आणि लंबगोल अंग आखूड, गोल दिसतं, म्हणजे दोन्ही खुणा एकदमच खोट्या पडतात. फ्लॅश बंद, कारण गुळगुळीत पाठीवर तो पांढरा डाग पाडतो आणि नेमकी मधली रेघ खातो. बाजूने टॉर्च, मध्ये पातळ पांढरा कागद. फोन अगदी नाकाशी नेला की फोकस सुटतो, तेव्हा थोडं लांबून काढून नंतर क्रॉप केलेलं चांगलं. एक फोटो वरून, एक बाजूने. आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. साधा फोटो म्हणून पाठवला तर ॲप त्याला आकसून टाकतं, आणि 17 पिक्सेलांचा किडा सात-आठ पिक्सेलांवर येतो.

या फोटोंत एका मिलिमीटरला साधारण 80 पिक्सेल मिळाले. शेगडीचा किडा आता 440 पिक्सेल लांब होता. कौलांसारखे आडवे खंड डोक्यापासून शेवटापर्यंत मोजता येत होते, मधली फिकट पट्टी छातीवर ठळक, मागे पुसट. मिशा दोऱ्यासारख्या, सारख्या निमुळत्या होत गेलेल्या, अंगाएवढ्या लांब. भुंगेऱ्याच्या मिशा बहुधा आखूड असतात आणि टोकाशी गाठ, दाते किंवा कोपर असं काहीतरी असतं. पायांवर काट्यांच्या रांगा. आणि मागच्या टोकाला दोन छोटे काटे, दोन बाजूंना फाकलेले. हे काटे मोठ्या झुरळांतही असतात, पण प्रौढ नरमादीत ते पंखांखाली अर्धे झाकले जातात, पिल्लांत उघडे. प्रौढ भुंगेऱ्याला असे शेपटीचे काटे नसतात. इतकं एकत्र आल्यावर शंका उरली नाही: जर्मन झुरळाचं पिल्लू.

बरणीचा किडा 2.8 मिलिमीटर, म्हणजे 220 पिक्सेलांच्या जवळ. मध्यावर सरळ उभी रेघ, वर आडवी, टी पुरा. बाजूच्या फोटोत कुबड, डोकं खाली मुडपलेलं. पाठीवर बारीक लव, पण तासांसारख्या खाचा नाहीत, म्हणजे औषधी भुंगेरा नव्हे. औषधी भुंगेऱ्याच्या कवचांवर खाचांच्या स्पष्ट रांगा असतात आणि मिशीच्या टोकाला तीन सांध्यांची सैल गाठ. याच्या मिशा करवतीसारख्या दातेरी होत्या. सिगारेट भुंगेरा. पाय पोटाशी घेऊन तो निपचित पडला होता, मेला म्हणून टाकून देणार तोच चालू लागला. हे सोंग या किड्याचं नेहमीचं. पाय आवळलेला असताना त्याची बाह्यरेषा एखाद्या बीसारखी दिसते, आणि धन्याच्या बरणीशेजारी ती बी म्हणूनच खपते.

ओळख बदलली तेव्हा काम बदललं

मसाल्याच्या फळीवर स्प्रे मारला असता तर तो उघड्या भुंगेऱ्यांपैकी काहींना लागला असता, खाण्याच्या वस्तूंवर बसला असता, आणि बरणीच्या आतलं कुटुंब शाबूत राहिलं असतं. बरणी उघडल्यावर धन्यांना सुईने टोचल्यासारखी गोल भोकं, तळाशी पिठूळ भुगा आणि भुग्यात बारीक, वळलेल्या, केसाळ पांढऱ्या अळ्या निघाल्या. फोटोवरून केलेल्या ओळखीची ही पक्की साक्ष. बरणी फेकली, मिसळणाचा डबा रिकामा करून गरम पाण्याने धुऊन कोरडा केला. शेजारचं बंद पाकिटातलं लाल तिखट नुसतं संशयित होतं, ते फेकण्याऐवजी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवलं. रव्याच्या डब्यात काहीच नव्हतं, तो उगाच उन्हात जाणार होता.

शेगडीकडे मात्र कोणी पाहिलंच नव्हतं. एक पिल्लू दिसलं म्हणजे अंड्यांची एक पिशवी फुटली आहे, आणि जर्मन झुरळाच्या एका पिशवीत 30 ते 40 अंडी असतात. मादी ती पिशवी अंडी फुटायच्या बेताला येईपर्यंत पोटाच्या टोकाला धरून हिंडते, म्हणून फटींत शोधूनही रिकामी पिशवी सापडेलच असं नाही. त्याऐवजी मिरीच्या पुडीसारखे काळे कण पाहायचे. शेगडीखाली, ट्रॉलीच्या बिजागऱ्यांत आणि फ्रीजच्या मोटरपाशी ते निघाले. चिकट सापळ्याचे दोन कागद तीन रात्री लावले, एक शेगडीमागे आणि एक फ्रीजखाली. शेगडीमागच्या कागदावर लहानमोठी सात पिल्लं आणि एक पंखवालं मिळालं, ढालीवर दोन गडद रेघांचं. जेलचे ठिपके तिथेच लावले. जेल लावल्यावर त्याच जागी स्प्रे मारायचा नाही, वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत.

सापळ्यावर एक अगदी पांढरं, मऊ पिल्लूही होतं. ती वेगळी जात नव्हे. नुकतीच कात टाकलेलं झुरळ काही तास असंच पांढरं असतं, मग गडद होतं. रंगावर जाऊ नये याचं याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही.

जिथे फोटो थांबतो

चिरडलेल्या किड्याची बाह्यरेषा काहीच सांगत नाही, चपलेखाली भुंगेराही चपटा होतो. अशा वेळी कवच शोधायचं: भुंगेऱ्याचं अर्ध कवच कडक, वाटीसारखं वळलेलं वेगळं पडतं, झुरळाचा पंख कागदासारखा, शिरा दिसणारा. कोळिष्टकात किंवा ट्यूबलाइटच्या पट्टीत वाळलेल्या झुरळाच्या मिशा तुटलेल्या असतात, त्यामुळे मिशा नाहीत म्हणून भुंगेरा, असा निकाल देऊ नये. कमी पिक्सेलच्या फोटोतही आधी मिशाच नाहीशा होतात. दिसल्या तर पुरावा, न दिसल्या तर काहीच नाही.

भुंगेऱ्यांच्या बाजूनेही अपवाद आहेत. कडधान्यातल्या भुंगेऱ्याची कवचं आखूड असतात, पोटाचं टोक मागे उघडं राहतं, आणि अस्पष्ट फोटोत ते बिनपंखी पिल्लासारखं भासतं. पण आखूड असली तरी कवचं मध्यावर भिडतात. अमेरिकन झुरळाच्या वाढत्या पिल्लाला पंखांचे कोंब फुटलेले असतात, ते दोन बाजूंना दोन, मध्ये न भिडणारे. लाकूड पोखरणाऱ्या काही भुंगेऱ्यांच्या मिशा अंगाहून लांब असतात, पण त्या जाड, सांध्यासांध्याच्या, झुरळाच्या मिशीसारख्या दोऱ्यागत नाहीत. असा भुंगेरा स्वयंपाकघरात आला तर बहुधा फळी किंवा चौकटीतून.

आणि 20 पिक्सेलांखालच्या किड्याबद्दल फोटोवरून जात सांगूच नये. तिथे माप, शेजारच्यांची मापं आणि जागा एवढंच हाताशी असतं. बरणीच्या किड्याची पहिल्या फोटोवरची नोंद म्हणूनच अशी होती: तीन मिलिमीटर, सारख्या मापाचे तीन, धन्यापाशी, भुंगेरा असण्याची शक्यता जास्त, बरणी उघडून पाहा.